गिझर लावला की ईएलसीबी का पडते? एलिमेंटची गळती मेगरने कशी तपासावी

इंदुरात होळीनंतर बंद केलेला गिझर दिवाळी उलटल्यावर पुन्हा चालू होतो, आणि त्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत एक तक्रार घरोघरी ऐकू येते: गिझरचे बटण दाबले की सगळ्या घराची वीज जाते. मीटरजवळची पेटी उघडून पाहावी तर सगळ्या एमसीबी जागच्या जागी असतात, फक्त ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असलेली ईएलसीबी तेवढी खाली पडलेली असते. ती वर केली आणि गिझर बंद ठेवला की बाकी सगळे सुरळीत चालते. यावर वायरमन बहुधा दोनांपैकी एक गोष्ट सांगतो. एक तर ‘कॉइल बॉडी झाली’, म्हणजे पाणी तापवणाऱ्या एलिमेंटमधली वीज गिझरच्या धातूच्या अंगावर उतरते आहे, नाही तर ‘ईएलसीबीच कमजोर आहे’. पहिले निदान बऱ्याचदा बरोबर निघते आणि दुसरे क्वचितच, पण मोजमाप केलेले नसेल तर दोन्ही अंदाजच ठरतात. मोजण्याचे साधन फार महाग नाही आणि पद्धतही अवघड नाही. अडचण आहे ती एवढीच की हे मीटर चुकीच्या जागी लावले तर खराब एलिमेंटलाही ते निर्दोष ठरवते. म्हणून या लेखात मोजायचे कसे हे तर सांगितले आहेच, पण मीटरने ‘ठीक आहे’ म्हटल्यावर त्यावर विश्वास केव्हा ठेवायचा, यावर अधिक भर दिला आहे.

आधी पाहा, पडले काय

पेटीतल्या दोन प्रकारच्या स्विचांचे काम वेगवेगळे असते. एमसीबी प्रवाह किती वाहतो हे पाहते आणि तो मर्यादेबाहेर गेला की तुटते. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, त्यामुळे १६ अँपिअरची एमसीबी त्याच्याने पडू नये. तीच पडत असेल तर वायरिंगमधला शॉर्ट, एमसीबीच्या टर्मिनलचा सैल स्क्रू, किंवा एलिमेंट थेट बॉडीला चिकटणे असा मोठा दोष शोधावा लागतो. तो या लेखाचा विषय नाही.

ईएलसीबी प्रवाह किती आहे हे पाहतच नाही. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्या आतल्या एका लोखंडी कड्यातून जातात, आणि फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो आहे ना, एवढेच ती तपासते. परत येणारा प्रवाह कमी भरला याचा अर्थ उरलेला प्रवाह दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने जमिनीत जात आहे. यालाच अर्थ गळती म्हणतात. (आज बाजारात मिळणाऱ्या या उपकरणाचे नेमके नाव आरसीसीबी आहे, पण आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.) घरगुती ईएलसीबीवर ३० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते. ३० मिलिअँपिअर गळतीला ती पडलीच पाहिजे, १५ पर्यंत पडता कामा नये, आणि मधल्या पट्ट्यात ती कधीही पडू शकते.

हे आकडे रोधात बदलून पाहिले की पुढचे सगळे सोपे जाते. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअरने भागले तर सुमारे ७,७०० ओम येतात, आणि १५ मिलिअँपिअरने भागले तर सुमारे १५,३०० ओम. म्हणजे एलिमेंटच्या तारेपासून बॉडीपर्यंतचा रोध घसरत घसरत पंधरा हजार ओमच्या खाली आला की ईएलसीबी पडू लागते. चांगल्या एलिमेंटमध्ये हाच रोध लाखो-कोट्यवधी ओम असतो. दहा लाख ओम म्हणजे एक मेगाओम, आणि इथून पुढे आपण याच मापात बोलू.

पाण्यात बुडालेल्या एलिमेंटच्या आत काय असते

वायरमन ज्याला कॉइल म्हणतो ती बाहेरून तांब्याची किंवा मिश्रधातूची वळवलेली नळी दिसते. त्या नळीच्या मधोमध निक्रोम धातूच्या बारीक तारेची गुंडाळी असते, आणि तार नळीला कुठेही लागू नये म्हणून मधल्या पोकळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली असते. ही पूड वीज अडवते आणि उष्णता मात्र सहज जाऊ देते, म्हणूनच ती निवडली आहे. तिचा एक मोठा दुर्गुण असा की ती हवेतली ओल शोषून घेते. नळीची दोन्ही टोके सील केलेली असतात ती याचसाठी.

हे सील सैल पडले, किंवा नळीला केसाएवढी जरी चीर गेली, तरी पूड ओलसर होते आणि तारेपासून नळीपर्यंत विजेला वाट मिळते. नळी पाण्यात, पाणी टाकीत, आणि टाकी अर्थच्या वायरला जोडलेली, अशी ती वाट थेट जमिनीपर्यंत पोचते.

इंदुरात यात पाण्याची भर पडते. नर्मदेचे पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येते, आणि मधली गरज बोरिंगच्या पाण्यावर भागवली जाते. माळव्याच्या काळ्या खडकातले हे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ते तापले की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट एलिमेंटवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. थर जाड झाला की नळीची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही, नळी प्रमाणाबाहेर तापते, रोज तापून-निवून ताणली जाते आणि बहुधा वळणाच्या जागी चिरते. ज्या घरात गिझरला बोरिंगचेच पाणी जाते, तिथे एलिमेंट लवकर जाते याचे मुख्य कारण हेच आहे.

मल्टिमीटर असताना मेगर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, कारण मल्टिमीटर आता बऱ्याच घरांत असतो. पण रोध मोजताना मल्टिमीटर आतल्या छोट्या बॅटरीचा अगदी कमी दाब देतो. सायकलची ट्यूब थोडी फुगवून पाण्यात बुडवली तर बारीक छिद्रातून बुडबुडा येत नाही, नीट हवा भरली की येतो. एलिमेंटच्या गळतीचेही तसेच आहे. पुडीतला ओलसर पट्टा किंवा बारीक चीर कमी व्होल्टेजवर गप्प राहते आणि २३० व्होल्ट आले की वाहू लागते.

इन्सुलेशन रेझिस्टन्स टेस्टर, ज्याला बाजारात सगळे मेगर म्हणतात, तो ५०० व्होल्टचा डीसी दाब देऊन त्या दाबाखाली किती प्रवाह झिरपतो यावरून रोध सांगतो. २३० व्होल्टच्या उपकरणांसाठी ५०० व्होल्टचीच कळ वापरतात. हजाराची वापरण्याचे कारण नाही. जुन्या मेगरला हाताने फिरवायचा दांडा असतो आणि तो मिनिटाला सुमारे १६० फेऱ्यांच्या वेगाने फिरवावा लागतो. नव्या डिजिटल मेगरमध्ये बटण दाबून धरायचे असते. मेगरचे ५०० व्होल्ट फार थोडा प्रवाह देऊ शकतात, पण झटका चांगलाच बसतो, त्यामुळे चाचणी चालू असताना टोकांना आणि गिझरच्या धातूच्या भागांना कोणीही हात लावायचा नाही. ज्याला विजेचे काम येत नाही त्याने हे मोजमाप जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे आणि आपण शेजारी उभे राहून पुढे सांगितलेल्या गोष्टी तो करतो आहे ना, हे पाहावे.

मेगर लावण्याआधीच्या दोन तपासण्या

माझ्या मते सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि घाईत नेमका हाच गाळला जातो.

सुरुवात अर्थातच वीज तोडण्यापासून होते. गिझरची एमसीबी खाली करावी, प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावा आणि तो बाहेर असल्याचे डोळ्यांनी पाहावे. गिझर प्लगशिवाय थेट वायरिंगला जोडलेला असेल तर मुख्य स्विच बंद करून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या तिन्ही जोड्यांत व्होल्टेज नाही हे तपासावे आणि मगच तारा सोडवाव्यात. प्लग काढल्यावर ईएलसीबी वर करून काही तास पाहणेही उपयोगाचे आहे. गिझर बाहेर असतानाही ती पडत असेल तर दोष गिझरात नाही, भिंतीतल्या वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात आहे.

आता पहिली तपासणी. मल्टिमीटर ओमच्या मापावर ठेवून प्लगच्या फेज आणि न्यूट्रल या दोन पिनांमधला रोध मोजावा. २००० वॅटच्या गिझरला तो सुमारे २६ ओम आला पाहिजे. हा आकडा एलिमेंट तुटलेले नाही हे तर सांगतोच, पण त्याहून महत्त्वाचे असे की पिनांपासून एलिमेंटपर्यंतची वाट मोकळी आहे याची तो साक्ष देतो. गिझरमध्ये प्लग आणि एलिमेंट यांच्यामध्ये थर्मोस्टॅट असतो, जो पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की वाट तोडतो, आणि जादा तापल्यास तोडणारा कटआऊटही असतो. यांपैकी काही उघडे असेल तर मल्टिमीटर २६ ओम दाखवणार नाही. अशा वेळी फेजच्या पिनला मेगर लावला तर आपण फक्त दोन हात वायर तपासत असतो. मेगर ‘अनंत’ दाखवतो, वायरमन एलिमेंट चांगले असल्याचे सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी ईएलसीबी पुन्हा पडते. २६ ओम येत नसतील तर तापमानाची कळ पूर्ण वर करावी, पाणी गरम असेल तर ते निवू द्यावे. तरीही येत नसतील तर खालचे झाकण काढून थेट एलिमेंटच्या टर्मिनलवर मोजावे.

दुसरी तपासणी अर्थची. प्लगची जाड, लांब पिन आणि टाकीला थंड पाणी आणणाऱ्या धातूच्या तोंडाचा उघडा भाग यांच्यातला रोध एक ओमच्या आतच यायला हवा. प्लास्टिकच्या आवरणाचा गिझर असेल तर आवरणावर प्रोब टेकवून काही कळत नाही. एलिमेंट ज्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, बसवलेले असते तिथपर्यंत पोचावे लागते. प्रोब टेकवण्याची जागा सँडपेपरने खरवडून घ्यावी, नाही तर गंज आणि रंगच मोजला जातो. आत अर्थची वायर तुटलेली असेल तर अर्थच्या पिनवर घेतलेले मेगरचे रीडिंग पुन्हा ‘अनंत’ येते, आणि ही चूक पहिल्यापेक्षा धोक्याची आहे, कारण अशा गिझरात गळती असूनही ईएलसीबी गप्प राहते आणि माणसाचा हात लागल्यावरच पडते.

प्रत्यक्ष मोजमाप

मेगरची दोन्ही टोके अलग ठेवून एकदा चालवावा. त्याने कमाल रोध दाखवला पाहिजे. मग टोके एकमेकांना जोडून चालवावा. शून्य आले पाहिजे. यात अर्धे मिनिट जाते, पण तुटलेल्या लीडमुळे फसण्याची शक्यता संपते.

मग प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना एका उघड्या तारेने एकत्र बांधाव्यात. एक टोक या जोडीला, दुसरे अर्थच्या पिनला लावावे आणि ५०० व्होल्टचा दाब एक मिनिटभर द्यावा. दोन्ही पिना जोडण्याचा फायदा असा की थर्मोस्टॅट फक्त फेजची वाट तोडत असेल तरीही न्यूट्रलच्या बाजूने एलिमेंट चाचणीत येते, शिवाय आतल्या दर्शक दिव्यावर ५०० व्होल्ट पडत नाहीत. डिजिटल आकडे किंवा वाय-फाय असलेल्या गिझरमध्ये मात्र प्लगवरून हे करू नये. तिथे एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवून फक्त एलिमेंटच तपासावे, नाही तर इलेक्ट्रॉनिक पट्टी जाण्याची भीती असते.

टाकी या वेळी पाण्याने भरलेली असावी. दुरुस्तीच्या तयारीत आधी पाणी काढून टाकण्याची सवय असते, पण चीर नळीच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तिच्यातून अर्थपर्यंत जाणारी वाट पाण्यातूनच पूर्ण होते, आणि रिकाम्या टाकीत रीडिंग फसवे चांगले येऊ शकते.

एक मेगाओम किंवा त्याहून जास्त आले तर एलिमेंट स्वीकारण्याजोगे समजतात. एक मेगाओमला गळती पाव मिलिअँपिअरहूनही कमी भरते. नवे, कोरडे एलिमेंट शंभराच्या वर दाखवते. एक मेगाओमच्या खालचे रीडिंग आले तरी ईएलसीबी लगेच पडेलच असे नाही, कारण तिला पाडण्यासाठी रोध पंधरा हजार ओम म्हणजे ०.०१५ मेगाओमपर्यंत उतरावा लागतो. तरीही खाली उतरू लागलेला रोध आपोआप वर चढेल अशी आशा धरू नये. मधल्या टप्प्यातला गिझर कधी पडतो, कधी नाही, याचे कारण घरातला फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, इन्व्हर्टर हे सगळे मिळून थोडी थोडी गळती देत असतात, आणि एकाच ईएलसीबीवर सगळे घर असेल तर ती सगळ्यांची बेरीज पाहते. गिझरचे दहा आणि बाकीच्यांचे सहा मिलिअँपिअर एकत्र आले की ती पडू शकते, आणि दोष मात्र शेवटी चालू केलेल्या उपकरणावर येतो.

हाताने फिरवायच्या जुन्या मेगरवर दहा हजार ओम आणि शून्य यांतला फरक काट्यावर दिसत नाही. काटा शून्याला टेकला तर मल्टिमीटर लावून नेमके किती ओम आहेत ते पाहावे.

सुदामा नगरातल्या एका घरातले आकडे

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाकडे २००० वॅटचा, १५ लिटरचा गिझर चालू केल्यावर पाच-सहा मिनिटे ठीक चाले आणि मग ईएलसीबी पडे. आधी आलेल्या वायरमनने मेगर लावला होता, रीडिंग अनंत आले होते आणि ईएलसीबी बदलण्याचा सल्ला मिळाला होता. घरातल्या काकूंनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली: “त्यांनी तपासलं तेव्हा पाणी गरमच होतं भाऊ, आणि मी कळ खाली करून ठेवली होती.” म्हणजे थर्मोस्टॅट उघडा होता आणि मेगर फक्त फेजच्या पिनवर लागला होता. त्या रीडिंगला काही अर्थ नव्हता.

कळ पूर्ण वर करून थंड गिझर पुन्हा मोजला. फेज-न्यूट्रल २६ ओम, अर्थची पिन ते पाण्याचे तोंड अर्ध्या ओमच्या आत. दोन्ही तपासण्या पार पडल्यावर मेगरने २.१ मेगाओम दाखवले. नुसत्या या आकड्यावर थांबलो असतो तर आम्हीही एलिमेंट चांगलेच ठरवले असते. पण तक्रार थंड गिझरची नव्हती, पाच मिनिटे तापलेल्या गिझरची होती, आणि मोजमाप तक्रारीच्या अवस्थेतच घ्यायला हवे. गिझर चालू केला. सहाव्या मिनिटाला ईएलसीबी पडली. लगेच प्लग काढला, २६ ओम अजून आहेत हे पाहिले, म्हणजे थर्मोस्टॅट उघडलेला नव्हता, आणि मेगर लावला. रीडिंग ०.०१२ मेगाओम, म्हणजे बारा हजार ओम.

२३० व्होल्ट भागिले बारा हजार ओम, म्हणजे सुमारे १९ मिलिअँपिअर. १५ ते ३० च्या पट्ट्यात हे बसते, त्यावर घरातल्या बाकी उपकरणांची थोडी भर. ईएलसीबी अगदी जिथे पडायला हवी तिथे पडत होती. तिच्यात काही दोष नव्हता. पाणी निवत गेले तसे रीडिंग वर सरकत गेले, दहा मिनिटांनी ०.०९ आणि तासाभराने ०.८ मेगाओम.

एलिमेंट बाहेर काढले तेव्हा त्यावर पांढरा थर घट्ट बसलेला होता. चमच्याच्या दांड्याने तो उडवला, आणि दुसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला एक आडवी, केसासारखी रेघ दिसली, जिच्या दोन्ही कडांना तांब्याचा हिरवट गंज धरलेला होता. नळी थंड असताना ही चीर जवळपास मिटलेली राही आणि तापल्यावर उघडे.

“बटण बंद असतानाही ईएलसीबी पडते, मग गिझरचा दोष कसा?”

हा आक्षेप नेहमी येतो आणि वरवर पटण्यासारखा आहे. पण सॉकेटजवळचे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल एलिमेंटला जोडलेलाच राहतो. बटण बंद असताना सगळे एलिमेंट न्यूट्रलला लटकलेले असते, आणि ते बॉडीला चांगलेच लागलेले असेल तर घराचा न्यूट्रल गिझरमार्गे अर्थला जोडला जातो. घरात पाण्याची मोटर किंवा एसी चालू झाला की न्यूट्रलमधून परतणाऱ्या प्रवाहाला दोन वाटा मिळतात, थोडा भाग अर्थने जातो, ईएलसीबीला हिशेब कमी भरतो आणि ती पडते. मोटर लावली की वीज जाते म्हणून लोक मोटर दुरुस्त करत बसतात आणि दोष मात्र बंद असलेल्या गिझरात असतो.

यासाठी दोष मोठा असावा लागतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-चार व्होल्टचा फरक असतो. दोन व्होल्टवर ३० मिलिअँपिअर वाहायला रोध सुमारे ६७ ओमपर्यंत उतरायला हवा. म्हणून अशा गिझरात मेगर सरळ शून्य दाखवतो. खात्री करायची सोपी रीत म्हणजे नुसते बटण बंद न करता प्लगच बाहेर काढणे. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर प्रकरण याहून वाईट असते, कारण मग बटण न्यूट्रल तोडते आणि ‘बंद’ गिझराचे एलिमेंट चोवीस तास फेजवर राहते. टेस्टरने सॉकेटचे उजवे छिद्र फेज आहे ना, हे एकदा पाहून ठेवावे.

“अर्थची वायर काढली की पडत नाही”

खरे आहे, पडत नाही. पण एलिमेंटमधली गळती तिथेच असते, तिची जमिनीत जाण्याची वाट तेवढी काढून घेतलेली असते. वरच्याच उदाहरणात अर्थ काढला असता तर टाकी आणि पाणी बारा हजार ओममधून फेजला जोडलेले राहिले असते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध दीड-दोन हजार ओम धरला तर धातूच्या नळाला हात लावताच त्याच्या शरीरातून सुमारे १६-१७ मिलिअँपिअर गेले असते. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. त्यात ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी १७ ला पडेलच याची हमी नाही. ईएलसीबी काढून दोन तारा सरळ जोडणे हाही याच जातीचा उपाय आहे.

“नुसती ओल असेल, वाळली की बरे होईल ना?”

कधी कधी होते. आठ महिने बंद राहिलेल्या गिझरात सीलमधून पुडीत दमटपणा शिरतो, आणि रीडिंग ०.३-०.४ मेगाओमपर्यंत उतरते. एवढ्यावर गळती एक मिलिअँपिअरच्या आसपासच असते आणि ईएलसीबी सहसा पडत नाही. असा गिझर तासभर चालवून, निववून पुन्हा मोजला आणि रीडिंग आधीपेक्षा बरेच वर गेले, तर ओलच होती असे समजावे. याउलट तापल्यावर रीडिंग कोसळत असेल तर ती बहुधा चीर असते आणि ती वाळवून भरत नाही. वाळवण्यासाठी ईएलसीबीला वळसा घालून गिझर चालवणे मात्र कोणत्याही कारणाने करू नये.

आणखी एक शक्यता एलिमेंट काढण्याआधी तपासावी. फ्लँजखालचा रबरी गॅस्केट थेंब थेंब गळत असेल तर टर्मिनलच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर ओला, क्षारांचा थर बसतो आणि वीज एलिमेंटच्या बाहेरूनच बॉडीवर उतरते. वीज तोडलेली असताना तो भाग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून, वाळवून पुन्हा मोजावे. रीडिंग एकदम वर उडाले तर एलिमेंट नव्हे, गॅस्केट बदलायचा आहे.

नवे एलिमेंट बसवताना

एलिमेंट काही शे रुपयांचे असते, त्यामुळे एक मेगाओमच्या खालचे, तापल्यावर घसरणारे एलिमेंट सांभाळत बसण्यात अर्थ नाही. नवे एलिमेंट आणल्यावर ते बसवण्याआधी हातातच मोजावे: दोन टर्मिनलमध्ये २६ ओम आणि टर्मिनल ते नळी मेगरवर निदान काही दशक मेगाओम. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला तुकडा ओल धरलेला असू शकतो, आणि फिटिंग झाल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. वॅट जुन्याइतकेच घ्यावेत, गॅस्केट नवा घ्यावा, आणि फ्लँज उघडलेलाच असताना टाकीत लावलेली मॅग्नेशियमची कांडी, जी टाकीऐवजी स्वतः झिजते, ती किती उरली आहे ते पाहून घ्यावे.

बसवून झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरावी आणि नळातून सलग धार येईपर्यंत प्लग लावू नये. पाण्याविना चालू झालेले एलिमेंट काही क्षणांत जळते. मग भरलेल्या टाकीवर दोन्ही पिना जोडून मेगरचे रीडिंग पुन्हा घ्यावे, ते तारखेसह गिझरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहावे, ईएलसीबीचे ‘टी’ बटण दाबून ती पडते आहे ना हे पाहावे, आणि गिझर पाणी पूर्ण तापून थर्मोस्टॅट आपोआप तुटेपर्यंत चालू द्यावा.